स्विफ्टला किती मागायचे?

चोपड्यात जुनी गाडी विकायला काढली की भाव ठरवण्याच्या दोन रीती दिसतात. गॅरेजवाला गाडीभोवती फिरतो, बॉनेट उघडतो, एक चक्कर मारून येतो आणि आकडा सांगतो. घरातली तरुण मुलं मोबाइलवर तशाच गाड्यांच्या जाहिराती बघून आकडा काढतात. दोन्ही आकडे सहसा जुळत नाहीत, आणि दोघांनाही आपलाच खरा वाटतो.

पुढच्या संवादात मामा पहिल्या रीतीचे आहेत. त्यांचं यावल रोडला गॅरेज आहे आणि गाड्यांचे सौदेही ते जुळवून देतात. भाची जळगावात हिशेबाचं काम करते, ती दुसऱ्या रीतीची. विकायची आहे तिच्या वडिलांची, म्हणजे मामांच्या दाजींची गाडी: मारुती स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल, ऑगस्ट २०१८ ची, एमएच १९ पासिंग, पहिला मालक, ६१ हजार किलोमीटर. संवादातले भाव पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत. प्रत्यक्ष गाडी विकताना त्या आठवड्याचे भाव बघावे लागतील.

मामा: दाजींची गाडी मी पहिल्या दिवसापासून ओळखतो. इंजिन बंद आहे की चालू, कळत नाही. पाच लाख दहा हजार सांग, पाचला तोडू. त्याला मोबाइल कशाला बघायला हवा?

भाची: पाच लाख दहा हजार कुठून आले, मामा?

मामा: गाडीतून आले. चाळीस वर्षं हेच करतोय.

भाची: गाडी चांगली आहे हे मला मान्य आहे. पण घेणारा फक्त आपलीच गाडी बघणार नाही. त्याच दिवशी तो जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या पाच-सात स्विफ्ट मोबाइलवर बघून येणार. आपल्या गाडीची किंमत त्या गाड्यांशेजारी ठरते. म्हणून आधी त्या गाड्या आपणच बघू.

मामा: बघितल्यास ना? मग सांग. एकाने तर पावणेसहा लाख लावलेत असं मला काल कोणीतरी दाखवलं. मग आपले पाच-दहा कुठे जास्त झाले?

भाची: ती जाहिरात मी दोन महिन्यांपासून बघतेय. ती अजून आहे, याचाच अर्थ त्या भावात ती कोणी घेतली नाही. योग्य भावाच्या गाड्या आठ-पंधरा दिवसांत निघून जातात आणि चढ्या भावाच्या मागे राहतात. त्यामुळे कोणत्याही एका दिवशी जाहिराती उघडल्या तर महागड्याच जास्त दिसतात. म्हणून मी तीन आठवडे रोज बघून वहीत लिहिलं: कुठली नवी आली, कुणी भाव उतरवला, कुठली गेली. गेलेल्या आणि नुकत्याच आलेल्या गाड्यांना मी जास्त धरलं.

मामा: हे बरं केलंस. पण स्विफ्ट म्हटलं की सगळ्या एक नसतात हे तुझ्या मोबाइलला कळतं का? २०१८ म्हणून शोधलंस तर जुन्या आकाराच्याही येतील.

भाची: आल्या. नवा आकार फेब्रुवारी २०१८ मध्ये आला, पण जुन्या साठ्यातल्या काही गाड्या त्या वर्षी पासिंग झालेल्या दिसतात. फोटो बघून त्या काढल्या. डिझेल काढल्या, ऑटोमॅटिक काढल्या, एलएक्सआय आणि झेडएक्सआयही काढल्या. सेंधव्याची एक होती, चार लाख पंधरा हजारांची. भाव बघून मोह झाला.

मामा: एमपी ४६ असणार.

भाची: हो.

मामा: ती आपल्या गाडीशी लावूच नको. इथल्या माणसाने ती घेतली तर तिकडच्या आरटीओची एनओसी आणायची, इकडे पुन्हा कर भरायचा, नवा नंबर घ्यायचा. त्यात पैसे जातात आणि चकराही. सातपुडा ओलांडला की गाडी तीच, पण बाजार वेगळा.

भाची: म्हणूनच काढली. नाशिकच्या मात्र ठेवल्या. एमएच १५ ची गाडी चोपड्यात आली तरी नंबर तोच राहतो, फक्त मालकाचं नाव बदलायचं. आणि एक तारखेची गाळणी लावली. २२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. नवी स्विफ्ट शोरूममध्ये साडेसहा लाखांपासून सुरू व्हायची, ती पावणेसहाच्या आसपास आली. त्या आधीचे जुन्या गाड्यांचे भाव आता धरता येत नाहीत. तुमच्या डोक्यातले पाच-दहा उन्हाळ्यातले तर नाहीत ना, मामा?

मामा: आखाजीच्या सुमारास अशीच एक मी पाच लाखांना काढून दिली होती. बरोबर आहे, तेव्हा नवी महाग होती. बरं, उरल्या किती?

भाची: पाच. पैकी एक ३५ हजार किलोमीटरची, पाच लाख तीस हजार मागतात.

मामा: फोटो दाखव. आतला... हा. पॅडल बघ. ३५ हजार किलोमीटरला ब्रेकच्या पॅडलचं रबर एवढं गुळगुळीत होत नाही, कड पार गेलीय. स्टिअरिंगचा वरचा भाग चकाकतोय. ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड बसलीय. ही गाडी लाखाच्या जवळ असणार. त्यांच्याकडून शेवटच्या सर्व्हिसिंगचं बिल माग, त्यावर किलोमीटर असतात.

भाची: मागितलं. बिल हरवलं म्हणाले.

मामा: मग काढ तिला. मीटर फिरवलंय असं मी म्हणत नाही, पण जो आकडा आपल्याला पटत नाही त्यावर हिशेब बांधू नये.

भाची: काढली. राहिल्या चार. जळगावची, ४८ हजार किलोमीटर, पहिला मालक, मागणी ५ लाख. धुळ्याची, ८२ हजार किलोमीटर, पहिला मालक, ४ लाख ५८ हजार. नाशिकची, ६० हजार किलोमीटर, पण दुसरा मालक, ४ लाख ५५ हजार. आणि नाशिकच्याच डीलरकडची २०१९ ची, ५५ हजार किलोमीटर, पहिला मालक, ५ लाख ५२ हजार.

मामा: आता यांची बेरीज करून चाराने भागणार?

भाची: नाही. तसं केलं तर चार वेगळ्या गाड्यांचा सरासरी भाव मिळेल, आपल्या गाडीचा नाही. आधी प्रत्येक गाडी कागदावर आपल्या गाडीसारखी करायची. ती आपल्यापेक्षा चांगली असेल तर तिच्या भावातून वजा करायचं, कमी असेल तर तिच्यात मिळवायचं. इथे लोक उलटं करतात. समोरची जास्त चाललीय म्हणून तिच्यातून आणखी वजा करतात. खरं तर जास्त चालल्यामुळे ती आधीच स्वस्त आहे. आपल्यासारखी कमी चाललेली असती तर महाग असती, म्हणून मिळवायचं.

मामा: ते कळलं. पण किती मिळवायचं? मी तर म्हणेन दहा हजार किलोमीटरला वीस हजार.

भाची: बाजारालाच विचारू. जळगावची आणि धुळ्याची या दोन गाड्या किलोमीटर सोडलं तर सारख्याच आहेत. फरक ३४ हजार किलोमीटरचा आणि भावात ४२ हजारांचा. म्हणजे दहा हजार किलोमीटरला बारा हजारांच्या थोडं वर. एका जोडीवर भरवसा नको, म्हणून २०१९ च्या दोन गाड्या घेतल्या. तिथे वीस हजार किलोमीटरला २४ हजार. तोच दर निघाला. वीस हजार तुम्ही म्हणता तो वाद घालताना म्हणायचा आकडा आहे, लोक प्रत्यक्ष तेवढा फरक लावत नाहीत.

मामा: हा दर सगळीकडे चालेल?

भाची: नाही. आपल्या गाडीच्या आसपासच. २० हजार किलोमीटरची गाडी किंवा दीड लाख किलोमीटरची गाडी याच दराने मोजता येणार नाही.

मामा: लाखाच्या पुढे गिऱ्हाईक बिचकतंच, तिथे भाव एकदम पडतो. बरं, लाव आता.

भाची: जळगावची आपल्यापेक्षा १३ हजार किलोमीटर कमी चालली, म्हणून १६ हजार वजा: ४ लाख ८४ हजार. धुळ्याची २१ हजार जास्त चालली, म्हणून २५ हजार मिळवले: ४ लाख ८३ हजार.

मामा: बघ, दोन्ही एकाच ठिकाणी आल्या. मग भाव पक्काच झाला की.

भाची: तिथे फसू नका, मामा. दर आपण याच दोन गाड्यांतून काढला, त्यामुळे त्या जुळणारच. हे दोन साक्षीदार नव्हेत, एकच आहे. खरी परीक्षा नाशिकच्या गाड्यांची. ६० हजारवाली किलोमीटरमध्ये आपल्याइतकीच आहे, पण दुसरा मालक. त्याचे किती धरायचे, ते मला जाहिरातीत सापडत नाही.

मामा: ते माझ्याकडून घे. बाकी सगळं सारखं असेल तर दुसऱ्या मालकाच्या गाडीला पंधरा हजार कमी येतात. तिसरा मालक असेल तर गिऱ्हाईक गाडी बघायलाच येत नाही.

भाची: मग ती झाली ४ लाख ७० हजार. आणि डीलरची: किलोमीटरचे सात हजार वजा, एक वर्ष नवी म्हणून तीस हजार वजा. शिवाय डीलर गाडी धुऊन, घासून, थोडी हमी देऊन विकतो. नोंदणीकृत डीलरला खरेदी-विक्रीतल्या फरकावर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो, आपल्यासारख्या घरगुती विकणाऱ्याला नाही. त्या सगळ्याचे वीस हजार वजा. उरले ४ लाख ९५ हजार.

मामा: एका गाडीत तीन-तीन फेरफार केलेस.

भाची: म्हणूनच तिच्यावर सगळ्यांत कमी विश्वास ठेवायचा. जितके फेरफार जास्त, तितकी ती गाडी आपल्यापासून लांबची. आता चार आकडे आहेत: ४.७०, ४.८३, ४.८४ आणि ४.९५ लाख. मधला धरला तर ४ लाख ८४ हजारांच्या आसपास. सरासरीऐवजी मधला यासाठी, की टोकाचा एखादा आकडा चुकला तरी मधला फारसा हलत नाही.

मामा: ठीक. कागद तुझा झाला, आता गाडीकडे ये. हे चारही टायर बघ. बाजूवर अंडाकृतीत शेवटचे चार आकडे आहेत: १५२०. म्हणजे २०२० सालच्या पंधराव्या आठवड्यातले. नक्षी अजून आहे, पण इथे रबर बोटाने वाकव, बारीक भेगा दिसतात. आपल्याकडचा उन्हाळा रबर खातो. जाणकार माणूस हे टायर संपले असंच धरणार. नवे चार घालायला वीस हजार. ते कापावेच लागतील.

भाची: वीस नको, दहा कापू.

मामा: का? टायरवाला तुला अर्ध्यात देणार आहे का?

भाची: ज्या गाड्यांशी आपण तुलना केली त्यांना तरी कुठे नवे टायर आहेत? सात वर्षांच्या गाडीला सरासरी अर्धे झिजलेले टायर असतात आणि तिच्या मागणीत ते धरलेलेच असतात. त्या सरासरी गाडीपेक्षा आपली जितकी कमी, तेवढंच कापायचं. अर्धं आयुष्य आणि शून्य आयुष्य यांतला फरक दहा हजार. नव्या गाडीशी तुलना करून कापलं तर तीच झीज दोनदा कापली जाते.

मामा: हं. म्हणजे बंपरवरचे ओरखडे, सीटवरचे डाग...

भाची: सात वर्षांच्या सगळ्याच गाड्यांना असतात. त्याचे शून्य. फक्त आपल्याच गाडीत असलेलं, किंवा फक्त आपल्याच गाडीत नसलेलं, तेवढंच मोजायचं.

मामा: मग मागचा डावा दरवाजा. त्याला रंग मारलाय, दाजींनी गोठ्याच्या खांबाला घासला होता. उन्हात तिरकं बघितलं की छटा वेगळी दिसते. रंगाची जाडी मोजायचं यंत्र लावलं तर कंपनीच्या रंगाच्या दुप्पट दाखवेल.

भाची: किती कापायचे?

मामा: दरवाजा बोल्टवर बसतो, तो गाडीचा सांगाडा नाही. पाच हजार पुरे. पण गिऱ्हाईक आधी घाबरणार, म्हणून मी त्याला रबर सरकवून खांबाच्या कडेचे कंपनीचे वेल्डिंगचे ठिपके दाखवतो. ते सारख्या अंतरावर आणि स्वच्छ असले की मार फक्त पत्र्याला लागलाय हे कळतं. पुढचा अ‍ॅप्रन किंवा खांब सरळ केलेला असता, तर पन्नास हजार कापूनही तुझा हिशेब चुकला असता. ठोकलेल्या गाडीची तुलना ठोकलेल्या गाडीशीच करावी लागते.

भाची: आणि खड्ड्यात पुढून खडखड येते ती?

मामा: लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश. साडेचार-पाच हजारांत होतील. ते कापू नको, मी करून देतो. आवाज ऐकला की गिऱ्हाईकाला पाच हजार दिसत नाहीत, अख्खं सस्पेन्शन दिसतं आणि तो पंचवीस हजार मागे येतो. ज्या दोषाचा खर्च लहान आणि भीती मोठी, तो विकण्याआधी काढून टाकायचा.

भाची: मग टायरही बदलून टाकायचे का?

मामा: नाही. तिथे भीती नाही, झिजलेला टायर कुणालाही दिसतो आणि नव्याची किंमत सगळ्यांना माहीत असते. वीस हजार घालून वीस हजारच परत येतील, तेही आले तर.

भाची: हे मला जाहिरातींतून कधीच कळलं नसतं. आता मिळवायचं काय? पप्पा म्हणतात पस्तीस हजारांचा स्क्रीन, कॅमेरा आणि सीट कव्हर आहेत, त्याचे तीस तरी धर.

मामा: दाजींना सांग, त्याचे काही येत नाहीत. त्याने गाडी लवकर जाते, भाव वाढत नाही. पण दाजींकडे कंपनीच्या वर्कशॉपची पहिल्यापासूनची सगळी बिलं आहेत. त्याचे दहा हजार मिळव. किलोमीटर खरे आहेत हे सिद्ध करणारी गाडी फार कमी असते.

भाची: म्हणजे टायरचे दहा वजा, दरवाजाचे पाच वजा, बिलांचे दहा अधिक. पाच हजार खाली. ४ लाख ८४ मधून गेले, राहिले ४ लाख ७९ हजार.

मामा: मग त्यावर तीस हजार घासाघिशीचे चढव. आले बघ माझ्या पाच-दहाच्या जवळ.

भाची: नाही मामा, इथेच आपलं खरं भांडण आहे. आपण ज्या चार आकड्यांपासून निघालो, ते विकले गेलेले भाव नव्हते, मागितलेले होते. त्या प्रत्येकाने घासाघिशीचं आपलं आधीच चढवलं होतं. ४ लाख ७९ हजार ही मागणीच आहे. पुन्हा तीस चढवले की तेच दोनदा धरलं जातं.

मामा: म्हणजे बऱ्हाणपूरच्या केळीच्या बोर्डावरचा भाव आणि शेतात हातात पडणारा भाव. तुझा हा बोर्डाचा भाव.

भाची: अगदी. हातात किती पडेल ते जाहिरातीत लिहिलेलं नसतं. ते तुम्हीच सांगू शकता. दिवाळीनंतर तुम्ही जुळवलेल्या सौद्यांत मागितलं किती आणि दिलं किती?

मामा: पाच लाखांच्या आतबाहेरच्या तीन गाड्या होत्या. एकीत वीस तुटले, एकीत पंचवीस, आणि एक घाईची होती, तिच्यात चाळीस.

भाची: घाईची सोडू. म्हणजे हातात ४ लाख ५५ ते ६० हजार. गाडी विकत घेणाऱ्या एका कंपनीचा आकडा मी काढला, ते ४ लाख २० देतात. ते पुढे नफ्याने विकणार, म्हणून तो आपला तळ. ४ लाख ५५ च्या खाली आपण घाईत उतरायचं नाही आणि ४ लाख २० कुणी म्हटलं तर गाडी घरीच ठेवायची.

मामा: तरी मी ४ लाख ८५ लिहीन. ऐंशीच्या आत लिहिलं की गिऱ्हाईक पंचाहत्तरपासून बोलायला लागतं.

भाची: ८५ ला माझी हरकत नाही. आपले चार आकडे ४.७० पासून ४.९५ पर्यंत पसरले होते, तेव्हा सहा हजारांचा फरक आपल्या चुकीच्या अंतरातच येतो. ७९ हाच खरा, असा माझा दावा नाही. पण पाच लाख दहा त्या अंतराच्या बाहेर आहे. शिवाय शोधताना लोक ‘पाच लाखांपर्यंत’ अशी मर्यादा लावतात, तेव्हा पाच-दहाची गाडी त्यांना दिसतसुद्धा नाही.

मामा: तेवढं माहीत नव्हतं. मग ८५ लिही. आणि दरवाजाचा रंग नि टायरचं साल जाहिरातीतच लिहून टाक. इथवर येऊन त्याला ते सापडलं तर तो दुप्पट कापतो.

भाची: लिहिते. पुढचे पंधरा दिवस बघू. पहिल्याच दिवशी दोन-तीन डीलर पैसे घेऊन येतो म्हणाले, तर भाव कमी लागलाय, घाई करायची नाही. लोक जाहिरात बघताहेत पण फोन नाही, तर भाव चढा आहे, दहा हजार उतरवायचे. आणि लोक गाडी बघायला येऊन परत जात असतील, तर भाव ठीक आहे, गाडीतलं काहीतरी त्यांना खटकतंय. ते शोधायचं.

मामा: ते शोधायचं काम माझं. उद्या सकाळी गाडी गॅरेजला आण, आधी बुश बदलू. फोटो त्यानंतर.